जंतूचे नाव कळण्याआधीचा तास

थ्रेड : केमोथेरपीच्या रुग्णाला ताप आला, तर तपासणीचा अहवाल येण्यापूर्वीच प्रतिजैविक का सुरू करतात? या नियमामागचा इतिहास.

१/
विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वैद्यकाची सर्वमान्य शिस्त अशी होती : आधी निदान, मग औषध. ताप आला, तर रक्ताचे कल्चर करावे, जंतू वाढू द्यावा, त्याची ओळख पटवावी आणि त्यावर नेमके लागू पडणारे प्रतिजैविक द्यावे. एरवी शहाणपणाची असलेली ही शिस्त रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांना मात्र जीवघेणी ठरत होती.

२/
केमोथेरपीची औषधे वेगाने विभागणाऱ्या पेशींवर आघात करतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतात, तशाच अस्थिमज्जेतील आणि आतड्याच्या अस्तरातील पेशीही. त्यामुळे एकाच वेळी दोन गोष्टी घडतात. जंतूंना गिळणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी घटतात आणि आतड्याची भिंत झिजून तिथलेच जंतू रक्तात शिरू लागतात. शत्रू बाहेरून यावा लागत नाही. तो घरातच असतो.

३/
१९६६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील बोडी, बकली, साठे आणि फ्रायराइक यांनी ल्युकेमियाच्या रुग्णांमधील या पेशींची संख्या व जंतुसंसर्ग यांचा मेळ घालून पाहिला. संख्या जितकी कमी आणि ती जितके दिवस कमी राहील, तितका धोका अधिक, हे त्यांनी आकड्यांनी दाखवले. धोका मोजता येऊ लागला. पण तो ओळखायचा कसा?

४/
इथे एक विलक्षण अडचण होती. पू, सूज, छातीच्या क्ष-किरण चित्रातील डाग ही संसर्गाची परिचित चिन्हे बहुतांशी न्यूट्रोफिल्सच्याच गर्दीतून उमटतात. त्या पेशीच नसतील, तर न्यूमोनिया असूनही चित्र स्वच्छ दिसू शकते. अनेकदा ताप हे एकच चिन्ह उरते. आणि कल्चरच्या उत्तराला एक-दोन दिवस लागतात.

५/
ते दिवस रुग्णापाशी नसत. स्यूडोमोनास हा जंतू रक्तात शिरलेल्यांपैकी जवळपास निम्मे रुग्ण पहिल्या ७२ तासांत दगावत. १९७१ मध्ये बाल्टिमोर येथील स्टीफन शिम्फ आणि सहकाऱ्यांनी जुना क्रम उलटा केला. ताप दिसताच, जंतूचे नाव कळण्याची वाट न पाहता, त्यांनी कार्बेनिसिलिन आणि जेंटामायसिन ही जोडी सुरू केली. स्यूडोमोनासच्या रुग्णांतही मृत्यू लक्षणीय घटले. ‘आधी औषध, मग निदान’ या रीतीचा पाया इथे घातला गेला.

६/
मग ‘पहिला तास’ कुठून आला? २००६ मध्ये कुमार आणि सहकाऱ्यांनी जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळलेल्या रुग्णांच्या नोंदी अभ्यासल्या. पहिल्या सहा तासांत औषधाला झालेल्या प्रत्येक तासाच्या विलंबागणिक जगण्याचे प्रमाण सरासरी ७.६ टक्क्यांनी घटत होते. हे सारे कर्करोगाचे रुग्ण नव्हते, आणि पुरावाही मागे वळून पाहिलेल्या नोंदींचा होता. मुद्दाम काही रुग्णांना उशिरा औषध देऊन प्रयोग करणे नीतीला धरून नाही. म्हणून साठावे मिनिट ही काही निसर्गाने आखलेली रेघ नव्हे; विलंबाला घातलेली ती मर्यादा आहे. २०१३ च्या अमेरिकी कर्करोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शिकेने रुग्णालयातील प्राथमिक तपासणीपासून एका तासात पहिला डोस द्यावा, असे सांगितले.

७/
हा इतिहास एका घरात कसा उतरतो, ते पाहू. समजा, केमोनंतर दहावा दिवस आहे. पेशी बहुधा दुसऱ्या आठवड्यातच तळाला जातात. संध्याकाळी सातला तोंडातील ताप १००.६ अंश फॅरनहाइट भरतो. घरचे पॅरासिटामॉल देतात, ताप उतरतो, सारे निर्धास्त झोपतात. पहाटे पाचला हुडहुडी भरते, हातपाय गार पडतात, रक्तदाब घसरलेला असतो. गोळीने जंतू मेला नव्हता; एकमेव चिन्ह तेवढे पुसले गेले होते.

८/
तीच संध्याकाळ दुसऱ्या तऱ्हेने : सातला ताप दिसताच गोळी न देता रुग्णालयाला फोन, आणि पोहोचताच ‘केमो चालू आहे’ हे पहिले वाक्य. दोन ठिकाणांहून कल्चरसाठी रक्त घेतले जाते आणि लगेच शिरेतून पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमसारखे प्रतिजैविक सुरू होते. रक्तगणना नंतर येते : पांढऱ्या पेशी ९००, त्यांत न्यूट्रोफिल्स २० टक्के, म्हणजे १८०. धोक्याची रेषा ५०० ची. अहवाल हाती येतो, तेव्हा पहिला डोस रक्तात पोहोचलेला असतो.

९/
कल्चर पुष्कळदा निरंकच येते. मग ‘औषध उगाच दिले’ असे वाटते. परंतु पहिल्या तासात कोणता ताप निरुपद्रवी आणि कोणता प्राणघातक, हे खात्रीने सांगता येत नाही. १९७१ पूर्वी ते कळेपर्यंत थांबत असत, आणि त्या थांबण्याची किंमत रुग्ण मोजत. (समाप्त)