उसावरील ड्रोन फवारणी : दरपत्रक व चाचणीसाठी सोसायटीचे पत्र

विविध कार्यकारी सोसायटीच्या सचिवाने ड्रोनसेवा देणाऱ्याकडे पाठवायचे मागणीपत्र. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील राहाता, राहुरी, श्रीरामपूर, नेवासे या ऊसपट्ट्यात त्याची गरज पडते, कारण आडसाली ऊस डोक्यावर गेला की पाठीवरचा पंप घेऊन सरीत शिरणे अवघड होते. अशा पत्रात एकरी दर हा पहिला प्रश्न असू नये. आधी विचारायचे ते औषधाच्या मात्रेबद्दल. हातपंपाने एकराला साधारण २०० लिटर पाणी लागते, ड्रोनला सुमारे १० लिटर पुरते. समजा, एखाद्या औषधाची शिफारस एकरी २०० मिलि आहे. २०० लिटरच्या सवयीने लिटरला १ मिलि हेच प्रमाण ड्रोनच्या टाकीतही धरले, तर एकरावर फक्त १० मिलि औषध पडेल, म्हणजे शिफारशीचा विसावा भाग. फवारणी स्वस्त पडेल, कीड मात्र तशीच राहील. म्हणून मात्रा एकरी लिहून मागावी आणि ते औषध ड्रोनने, उसावर वापरायला मान्य आहे का, हेही विचारावे.

चाचणीचा खरा कस पानाच्या खालच्या बाजूला लागतो. २००२ च्या सुमारास महाराष्ट्रात पसरलेला लोकरी मावा तिथेच बसतो, तर ड्रोनचे थेंब वरून येतात. पंख्यांच्या वाऱ्याने पाने हलतात, पण दाट उसात खालपर्यंत किती थेंब पोचतात ते मोजल्याशिवाय कळत नाही. ओल लागताच निळे होणारे पिवळे कागद शेंड्याला, मधल्या पानांवर आणि खालच्या पानांच्या पाठीवर लावावेत. शेजारी हातपंपाची एक पट्टी आणि न फवारलेली एक पट्टी ठेवावी. मावा फवारणीआधी मोजावा आणि आठवड्याने पुन्हा मोजावा. आंतरप्रवाही औषध पानात शिरते, मग पाठ ओली कशाला, असा आक्षेप येतो. तो अर्धाच खरा आहे. अशी बहुतेक औषधे शेंड्याकडे सरकतात, त्यामुळे वरच्या पानावर पडलेले औषध खालच्या पानाला मिळत नाही. हुमणीसाठी तर ही चाचणी मागूच नये. ती अळी जमिनीत मुळांवर असते.

चाचणीत हंगाम निघून जातो, ही तक्रार रास्त आहे, पण दोन-तीन पट्ट्यांचे उड्डाण एका सकाळचे काम आहे. वारा वाढला तर थेंब शेजारच्या द्राक्ष-डाळिंबात किंवा विहिरीत जातात, म्हणून वाऱ्यात काम थांबवायची अट पत्रातच घालावी. ड्रोन नियम २०२१ नुसार ड्रोनची नोंदणी आणि चालकाचे प्रमाणपत्र यांच्या प्रती मागाव्यात. दर विचारताना एकर कोणता तेही ठरवावे : सातबाऱ्यावरचा, की ड्रोनच्या नोंदीत प्रत्यक्ष फवारलेला? बांध, झाडे आणि विजेच्या तारांखालची जागा ड्रोन सोडतो. ४० गुंठ्यांपैकी ३४ गुंठेच फवारले गेले, तर पैसेही ३४ गुंठ्यांचेच द्यावेत.