उभी रेघ

‘आशिया आणि आफ्रिकेतील निर्वसाहतीकरणाची तुलना करा.’ पंधरा गुणांचा प्रश्न. मी कागदावर उभी रेघ मारली: डावीकडे आशिया, उजवीकडे आफ्रिका. मिळाले सहा.

कारणं बरोबर होती. महायुद्धानं ब्रिटन कर्जात बुडाला होता आणि त्याच्या फौजेतलेच लोक आता गप्प बसत नव्हते. फेब्रुवारी 1946मध्ये मुंबईत नौसैनिकांनी बंड केलं. दोन वर्षांनी, पुन्हा फेब्रुवारीतच, गोल्ड कोस्टमधल्या अक्रा शहरात माजी सैनिक मोर्चा घेऊन निघाले. त्यांतले कितीतरी ब्रह्मदेशात लढून आलेले. गोळीबारात तिघं गेले, शहर पेटलं.

चुकलं ते फरकांत. गोल्ड कोस्टचे न्क्रुमा 1951ची निवडणूक तुरुंगातून जिंकले आणि 1957मध्ये तो देश ‘घाना’ म्हणून स्वतंत्र झाला. केनियात मात्र 1952 ते 1960 आणीबाणी, छावण्या, फाशी. खंड एकच, राज्यकर्तेही तेच. मग?

केनियाच्या पठारावरची सुपीक जमीन गोऱ्यांसाठी राखीव होती आणि ते तिथं कायमचे राहायला आले होते. घानात कोको पिकवणारे शेतकरी स्थानिकच. भारतातलेही बहुतेक इंग्रज नोकरी संपली की मायदेशी जायचे. म्हणजे याबाबतीत भारत केनियापेक्षा घानाच्या जवळचा! (फाळणीचा रक्तपात प्रचंड, पण तो इंग्रजांशी लढताना झालेला नव्हे.)

मी रेघ खोडली आणि केनियाशेजारी अल्जीरिया लिहिलं. तिथं राज्य फ्रेंचांचं, पण स्थायिक युरोपीय दहा लाखांच्या घरात. युद्ध 1954 ते 1962 चाललं.