चित्रात चिकूऐवजी किवी आला, तर सूचना कशी सुधारावी?

आशागड, डहाणू, घोलवड भागातले अनेक फळविक्रेते आता व्हॉट्सअॅपवर ऑर्डर घेतात. रमजानमध्ये इफ्तारच्या फळांच्या जाहिरातीसाठी एआयकडून चित्र बनवून घेणारेही आहेत. एक नमुना घेऊन पाहू. पहिली सूचना अशी दिली:

```
डहाणूच्या चिकूंची सुंदर टोपली, वर दुकानाचं नाव
```

आलेल्या चित्रात फळांवर लव आहे, कापलेली फोड हिरवी आहे, टोपली परदेशी किचनमधल्या टेबलावर आहे आणि नावाची अक्षरं मोडकी आहेत. अशा वेळी बरेच जण ‘अजून सुंदर कर’ असं लिहितात. त्याने रंग झळकतात, पण किवी किवीच राहतो. त्यापेक्षा काय चुकलं ते एकेक करून लिहून काढावं आणि प्रत्येक चूक कशामुळे झाली ते ठरवावं.

इथे तीन वेगवेगळी कारणं दिसतात. फळ चुकलं, कारण ‘चिकू’ शब्दावरून यंत्राला नेमकं फळ कळलं नाही. टेबल आलं, कारण जागा आपण सांगितलीच नव्हती. ती यंत्राने स्वतःच्या मनाने भरली. अक्षरं मोडली, कारण देवनागरी जोडाक्षरं लिहिताना ही साधनं अजूनही बऱ्याचदा चुकतात. म्हणून तिन्हींचा इलाज वेगळा आहे.

आधी फळ दुरुस्त करावं. ‘किवी नको’ लिहू नये. काही साधनं ‘नको’ सोडून देतात आणि ‘किवी’ तेवढा पकडतात. जे हवं त्याचं वर्णन द्यावं. चिकूचं इंग्रजी नाव sapodilla हेही सोबत लिहावं:

```
चिकू (sapodilla): अंडाकृती, फिकट तपकिरी,
खरखरीत साल, लव नाही. एक फळ उभं कापलेलं:
आत तपकिरी गर, तीन लांबट चपट्या काळ्या चकचकीत बिया.
```

आता गर बरोबर आला, पण बारीक बिया गोल रिंगणात आल्या, तर फक्त बियांचं वाक्य बदलावं. बाकीचं जसंच्या तसं ठेवावं. एका वेळी एकच बदल केला तरच कोणत्या शब्दाने फरक पडला ते कळतं. फळ जमल्यावर जागा सांगावी: ‘बांबूची टोपली, चिकूच्या झाडाखाली, सकाळचं ऊन.’

नाव मात्र सूचनेतून काढून टाकावं. ‘वरचा भाग मोकळा ठेव’ एवढंच लिहावं आणि नाव नंतर मोबाइलमधल्या फोटो एडिटरमध्ये टाइप करावं.

दोन-तीन वेळा वेगळ्या शब्दांत सांगूनही तीच चूक परत आली, तर ती आपल्या शब्दांची नाही, साधनाची मर्यादा समजावी. मग आपल्याच चिकूचा फोटो काढून सोबत द्यावा. असा फोटो घेणारी साधनं आता सहज मिळतात.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. असं चित्र सजावटीपुरतं ठीक आहे. ‘हाच माल मिळेल’ म्हणून दाखवायचं असेल, तर टोपलीतल्या खऱ्या चिकूंचाच फोटो लावावा. गिऱ्हाईक पैसे चित्राचे नाही, मालाचे देतं.