साध्या आधाराची तुळई : बिंदुभार, कर्तन आणि नमन

दोन्ही टोकांना नुसती टेकलेली, कुठेही जखडलेली नसलेली तुळई. गणितात एक टोक बिजागरीवर आणि दुसरे सरकत्या आधारावर मानतात. भार उभे असले की दोन आधारांच्या प्रतिक्रिया एवढ्याच अज्ञात राहतात आणि त्या समतोलाच्या समीकरणांवरून निघतात.

समजा, अ ते ब हा गाळा ६ मीटरचा आहे. अ पासून २ मीटरवर (क) ३० किलोन्यूटन आणि ५ मीटरवर (ड) १८ किलोन्यूटन भार आहे. अ भोवती परिबले घेतली की ब ची प्रतिक्रिया (३० × २ + १८ × ५) ÷ ६ = २५ किलोन्यूटन येते. एकूण भार ४८, म्हणून अ ची प्रतिक्रिया २३.

आता डावीकडून चालत जावे. क पर्यंत कर्तन बल +२३, क ओलांडल्यावर –७, ड नंतर –२५. ब वरच्या प्रतिक्रियेने ते शून्यावर येते. दोन भारांच्या मध्ये कर्तन बदलत नाही, म्हणून आकृती पायऱ्यांची होते. नमन परिबलातला फरक म्हणजे कर्तन आकृतीचे क्षेत्रफळ: क पाशी २३ × २ = ४६ किलोन्यूटन-मीटर, ड पाशी ४६ – ७ × ३ = २५, ब पाशी २५ – २५ × १ = ०. हे बिंदू सरळ रेषांनी जोडायचे. कमाल नमन मध्यावर असते असे अनेकजण गृहीत धरतात. इथे मध्यावर ३९ आहे. कमाल ४६ क पाशी, कारण तिथे कर्तनाचे चिन्ह बदलते. तुळई खाली झुकत असल्याने ताण खालच्या बाजूला येतो. काँक्रीटच्या तुळईत मुख्य सळया तिथेच लागतात.

सर्वात फसवी चूक अंतराची. ड चे ५ मीटर अंतर अ पासून मोजायचे; ते क पासून ३ मीटर धरले तर ब ला १९ आणि वजाबाकीने अ ला २९ येते. बेरीज तरीही ४८! कर्तनाची आकृतीही बिनतक्रार बंद होते. चूक उघड होते ती नमनात: डावीकडून गेल्यास ब पाशी शून्याऐवजी ३६ उरतात. म्हणून अ ची प्रतिक्रिया ब भोवती परिबले घेऊन स्वतंत्रपणे काढावी. बेरीज तेव्हाच खरी पडताळणी ठरते.

या हिशेबात तुळईचे स्वतःचे वजन धरलेले नाही. २३० × ४०० मिलिमीटर छेदाची काँक्रीटची तुळई मीटरमागे सुमारे २.३ किलोन्यूटन भरते आणि क पाशी आणखी ९.२ किलोन्यूटन-मीटर नमन आणते, म्हणजे ४६ च्या एक पंचमांश. प्रत्यक्षात भारही बिंदूवर नसतो. वर टेकलेल्या खांबाला रुंदी असते, त्यामुळे कर्तनाची उभी पायरी थोडी तिरपी आणि नमनाचे टोक थोडे गोल होते.