प्रथिनांची गुणवत्ता व अमिनो आम्ल गुणांक

अन्नातील प्रथिन शरीराला किती उपयोगी पडते, हे त्याच्या वजनाबरोबरच त्यातील अमिनो आम्लांच्या प्रमाणावरही अवलंबून असते. नऊ अमिनो आम्ले मानवी शरीर स्वतः पुरेशी तयार करू शकत नाही. त्यांपैकी गरजेच्या मानाने जे सर्वांत कमी पडते, ते मर्यादक अमिनो आम्ल. त्याचे अन्नातील प्रमाण आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने (२०१३) दिलेले आदर्श प्रमाण यांचे टक्केवारीतील गुणोत्तर म्हणजे अमिनो आम्ल गुणांक.

वरणभाताचे उदाहरण घेऊ. मोठी मुले व प्रौढ यांच्यासाठी १ ग्रॅम प्रथिनात ४८ मिलिग्रॅम लायसिन आणि २३ मिलिग्रॅम गंधकयुक्त अमिनो आम्ले (मेथिओनिन व सिस्टीन) असावी लागतात. तांदळाच्या प्रथिनात लायसिन साधारण ३६, गंधकयुक्त आम्ले ४० असतात. तूरडाळीत लायसिन ६६ च्या आसपास, पण गंधकयुक्त आम्ले जेमतेम २०. म्हणजे नुसत्या भाताचा गुणांक ७५, नुसत्या डाळीचा ८७. एकाची उणीव नेमकी दुसऱ्याच्या शिलकीत आहे.

१०० ग्रॅम कोरड्या तांदळात सुमारे ७ ग्रॅम प्रथिन असते, तेवढेच ३२ ग्रॅम तूरडाळीत. दोन्ही एकत्र शिजवले की १ ग्रॅम प्रथिनामागे लायसिन ५१ आणि गंधकयुक्त आम्ले ३० मिळतात. दोन्ही आकडे आदर्शाच्या वर जातात. एवढ्याच तांदळाला डाळ १० ग्रॅम घातली, तर लायसिन ४३ वरच अडते आणि गुणांक ९० राहतो. तांदळाच्या साधारण पाचवा हिस्सा डाळ पडली की लायसिनची तूट भरून निघते. भात भरपूर आणि आमटी पातळ असलेल्या ताटात ही तूट भरून निघत नाही, शिवाय तेथे एकूण प्रथिनही कमीच असते. दोन्ही पदार्थ एकाच घासात हवेत असे नाही. दिवसभराच्या जेवणांत मेळ बसला तरी चालते.

या हिशेबात पचन धरलेले नाही. डाळीचे प्रथिन पूर्ण पचत नाही, म्हणून मिश्रणाचा प्रत्यक्ष गुणांक वरच्या हिशेबापेक्षा खाली येतो. नीट शिजवल्याने डाळीतील पचनरोधक द्रव्ये बरीचशी निष्प्रभ होतात. उलट, कोरडे धान्य लालसर होईपर्यंत भाजले की लायसिनचा काही भाग शर्करेशी बांधला जाऊन वाया जातो. खमंगपणाही त्याच क्रियेतून येतो.

सहा महिने ते तीन वर्षांच्या बालकांची लायसिनची गरज १ ग्रॅम प्रथिनामागे ५७ मिलिग्रॅम आहे. वरील वरणभातही तेथे थोडा कमी पडतो, म्हणून दूध किंवा अंड्याची जोड द्यावी. बाळाला मऊ भातावर वरणाचे वरचे पाणी घालण्याची पद्धत मात्र सोडावी. प्रथिन मुख्यतः तळाशी बसलेल्या डाळीत असते. ती घोटून भरवावी.