गाचातला ‘पोन’ कुठे गेला?

खेळण्याच्या यंत्राची मूठ फिरवली की येतो तो आवाज ‘गाचा’, आणि प्लास्टिकची कुपी खाली पडते तो ‘पोन’. जपानीत या यंत्राला ‘गाचापोन’ म्हणतात. ही यंत्रे १९६० च्या दशकात अमेरिकेतून जपानमध्ये आली. पैसे घेऊन नशिबावर बक्षीस देणाऱ्या व्हिडिओ गेममधल्या सोडतीला मात्र आज नुसते ‘गाचा’ म्हणतात. ‘गाचागाचा’ हे दुसरे जुने नाव आखूड झाले, त्यात ‘पोन’ नव्हताच, असा प्रतिवाद होतो आणि भाषेच्या अंगाने तो बळकट आहे. तरीही मला हा लोप अर्थपूर्ण वाटतो, कारण ‘पोन’ म्हणजे एक कुपी कमी झाली. यंत्रात १०० कुप्या आणि त्यांत एकच हवी ती असेल, तर शंभराव्या खेपेपर्यंत ती मिळणारच. गेममध्ये काढलेली वस्तू जणू लगेच पेटीत परत पडते. शक्यता १ टक्का असेल, तर १०० वेळा पैसे भरूनही सुमारे ३७ टक्के खेळाडू रिकाम्या हाती राहतात. माझ्या मते दोष नशिबाचा नाही, न रिकाम्या होणाऱ्या पेटीचा आहे.

शक्यता जाहीर केली की पुरे, असे कंपन्या म्हणतात, आणि चीनने २०१७ पासून ते बंधनकारकही केले. पण ‘१ टक्का’ वाचणारा मनात शंभर कुप्यांचे यंत्रच पाहतो. आकडा खरा असूनही समज खोटाच राहतो. सहा चित्रांचा संच पुरा केल्यावरच बक्षीस देणाऱ्या ‘कोम्पू गाचा’त हे आणखी बोचते. सगळी चित्रे सारख्याच शक्यतेची धरली, तरी सरासरी पंधराएक खेपा लागतात, आणि त्यातल्या सहा एकट्या शेवटच्या चित्रासाठी. जपानच्या ग्राहक व्यवहार संस्थेने २०१२ मध्ये हा प्रकार बेकायदा ठरवला, तो १९७७ च्या एका अधिसूचनेतल्या ‘चित्रे जुळवा’ बक्षिसांवरच्या बंदीच्या आधारे.

२०१६ मध्ये ‘ग्रॅनब्ल्यू फँटसी’च्या खेळाडूंनी संताप व्यक्त केल्यावर कंपनीने ‘तेन्जो’, म्हणजे छत, घातले: ३०० खेपांनंतर हवे ते पात्र निवडा. हा शब्द पाचिस्लॉट या जुगारी यंत्रांच्या बोलीतला आहे; तिथे ठरावीक डाव रिकामे गेले की यंत्र बक्षीस देते. उपाय जुगाराच्या अड्ड्यावरून आला, आणि तसाच वागतो. एक खेप ३०० येनची, म्हणजे छत ९०,००० येनवर. दोनशे खेपा झालेल्याला ते थांबू देत नाही, उलट उरलेल्या शंभरांकडे ओढते.

‘बॉक्स गाचा’ मला जास्त न्याय्य वाटतो. त्यात पेटीतल्या वस्तू मोजून ठेवलेल्या असतात, काढलेली वस्तू परत पडत नाही, आणि किती उरल्या ते पडद्यावर दिसते. डिजिटल वस्तू संपत नाही, मग ही टंचाई कृत्रिमच, असा आक्षेप घेता येईल. पण एक टक्क्याची दुर्मीळताही कृत्रिमच आहे; दोन्हींपैकी निदान एकीला तळ आहे. अट एवढीच की अख्ख्या पेटीची किंमत पहिल्या खेपेआधी लिहिलेली असावी आणि शेजारी तीच वस्तू थेट विकत घेण्याचा भावही असावा. तो भाव सांगायला कंपनी कचरली, तर पेटीत किती नफा दडवला होता ते कळते.