वय पंधरा की सोळा?

निवडीच्या यादीत नाव आलेल्या उमेदवाराच्या दोन कागदांत मेळ बसला नाही, की परीक्षकाच्या मनात पहिला शब्द येतो तो ‘लबाडी’. हा शब्द किती उतावळा ठरू शकतो, हे 1869 सालच्या एका प्रकरणावरून दिसते.

त्या वर्षी लंडनच्या सनदी नोकरीच्या परीक्षेत चार हिंदी तरुण उत्तीर्ण झाले. त्यांपैकी मुंबई इलाख्यातील श्रीपाद बाबाजी ठाकूर आणि बंगालचे सुरेंद्रनाथ बॅनर्जी या दोघांच्या वयाविषयी हरकत निघाली. वयाची मर्यादा एकवीस वर्षांची होती. सुरेंद्रनाथांनी 1863 अखेर कलकत्ता विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेच्या वेळी आपले वय सोळा लिहिले होते. सोळा पूर्ण असे धरले, तर 1869 मध्ये ते एकविसाच्या पलीकडे जात. वस्तुतः त्यांचा जन्म नोव्हेंबर 1848 मधला. म्हणजे प्रवेशपरीक्षेच्या वेळी पंधरा पूर्ण होऊन त्यांना सोळावे लागले होते. आपल्याकडे चालू वर्ष सांगण्याचा प्रघात. विलायतेत पूर्ण झालेले वर्ष सांगतात. आकडे दोन, परंतु जन्मतिथी एकच.

आयोगाने खुलासा मागविला, हे योग्यच झाले. चूक घडली ती पुढे. सुरेंद्रनाथांनी हा प्रघात सांगितला, जन्मपत्रिकेचा पुरावा देऊ केला. तथापि तो न तपासताच त्यांचे नाव काढण्यात आले. त्यांनी क्वीन्स बेंच न्यायालयात दाद मागितली. अखेर आयोगाने माघार घेतली व दोघांचीही नावे यादीत परत आली.

यांतून तपासणीचा क्रम निघतो. प्रथम, दोन्ही कागद कोणी, केव्हा व कोणत्या प्रश्नाच्या उत्तरादाखल लिहिले, हे पाहावे. नंतर विसंगती नेमक्या शब्दांत उमेदवारास कळवून उत्तरासाठी मुदत द्यावी. त्याचे उत्तर मात्र केवळ त्याच्या शब्दावर मान्य करू नये. त्याच नोंदवहीतील इतर मुलांची वयेही चालू वर्षानेच लिहिली आहेत काय, हे ताडून पाहावे. या प्रघाताने एका वर्षाचाच फरक उलगडतो. तीन वर्षांचा फरक असेल, तर हा खुलासा तोकडा पडतो.

आमच्या तिसगावसारख्या गावांतील शाळांच्या जुन्या दाखल्यांत कितीतरी मुलांची जन्मतारीख 1 जून अशी आढळते. आईबापांना तारीख ठाऊक नसे, आणि शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होई. म्हणून गुरुजी ती लिहून घेत. असा दाखला आणि ग्रामपंचायतीची जन्मनोंद यांत महिन्यांचा फरक निघाला, तर त्याचे मूळ गुरुजींच्या लेखणीत असू शकते. सहा वर्षांच्या मुलाने ती तारीख निवडलेली नसते.

शेवटचा प्रश्न असा, की फरकाने पात्रता बदलते काय? बदलत नसेल, तर नोंद दुरुस्त करून पुढे जावे. बदलत असेल, तर पुरावा पाहून कारणांसह लेखी निर्णय द्यावा, आणि यादीतील प्रत्येकास तीच कसोटी लावावी.